आयव्हरमेक्टिन: जंत लुळा पडतो, मग आपण कसे चालते-फिरते राहतो?

रानवारा
धाकटी लेक होस्टेलवरून सुट्टीला आली ती खरूज घेऊनच. आठवडाभरात घरातले सगळे रात्री खाजवायला लागलो. त्वचेच्या डॉक्टरांनी अंगाला लावायचं मलम दिलं आणि मोठ्यांना आयव्हरमेक्टिनची १२ मिलिग्रॅमची एकेक गोळी दिली. दोन आठवड्यांनी दुसरी घ्यायची आहे. गावाहून दादा आला होता. त्याने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "अगं, हे तर आपण शेळ्यांना टोचतो!" तेव्हापासून नवरोबा मला रोज सकाळी "बें" करून उठवतात.

मग वाचत बसले. सगळीकडे एकच वाक्य: हे औषध परजीवींच्या पेशींतल्या क्लोराइडच्या वाहिन्या उघडून त्यांना लुळं पाडतं, आणि माणसाच्या पेशींत त्या वाहिन्या बहुतांशी नसतात. दोन ठिकाणी अडले. एक, दार *उघडल्याने* कुणी लुळं कसं पडेल? बंद केल्याने पडेल, असं मला वाटायचं. दोन, "बहुतांशी" म्हणजे काय? उरलेल्या थोड्याचं काय होतं? गोळी घेऊन झाली आहे, म्हणून जरा जास्तच उत्सुकता.

हौशी_जीवशास्त्र
सोपं आहे. माणसात क्लोराइडच्या वाहिन्याच नसतात, किड्यांत असतात. त्यामुळे औषध आपल्या अंगातून नुसतं फिरून बाहेर पडतं. याच औषधाच्या शोधाला २०१५ चं नोबेल मिळालं. उगाच घाबरू नका, कितीही घेतलं तरी काही होत नाही.

सुगरण_रत्नागिरी
क्लोराइड म्हणजे मिठातलंच ना? पावसात पायाला जळू लागली की आम्ही मीठ टाकतो, लगेच गळून पडते. हे तसंच असेल. मग पोटातल्या जंतांना मिठाचं पाणी का चालत नाही?

कडूलिंब
ताई, मीठ जळवेच्या अंगातलं पाणी ओढून घेतं, म्हणून ती सोडते. ते वेगळं. मिठाच्या पाण्याने जंत पडले असते तर कोकणात एकाही पोराला जंत झाले नसते. सोलकढी, खारवलेली मासळी, लोणचं, सगळीकडे मीठच!

सुगरण_रत्नागिरी
सोलकढीला मधे आणायचं काम नाही. :)

निवृत्त_पशुवैद्य
रानवारा, तुमचे दोन्ही प्रश्न नेमके आहेत, आणि हौशींचं उत्तर अर्धंच बरोबर आहे. उरलेलं अर्धं धोक्याचं आहे. "कितीही घेतलं तरी काही होत नाही" हे कृपया कुणी मनावर घेऊ नका. त्याकडे नंतर येतो.

आधी दार उघडण्याचं. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. मोटर चालू केली, पाणी चढत चढत वरच्या काठाला आलं की टाकी वाहते. चेतापेशीचं तसंच असतं. आतली विद्युतपातळी चढत एका काठाला पोचली की संदेश सुटतो आणि स्नायू आकसतो. आता टाकीच्या तळाचा नळ कुणी पूर्ण सोडून ठेवला तर? मोटर चालूच आहे, पाणीही येतंय, पण ते काठापर्यंत कधीच पोचत नाही. क्लोराइडची वाहिनी म्हणजे तो तळाचा नळ. क्लोराइडवर ऋण भार असतो. दार उघडं राहिलं की तो आत येतो आणि पातळी खाली धरून ठेवतो. पेशी जिवंत असते, तिला हुकूमही येत असतात, पण तिच्याकडून संदेश निघत नाही. हा लुळेपणा झटके येऊन पडणाऱ्याचा नाही, ढिला पडणाऱ्याचा आहे.

जंताच्या बाबतीत सर्वांत आधी ढिली पडते ती बहुधा घशाची पिचकारी. गोल जंत अन्न गिळत नाही, घशाचा स्नायू पंपासारखा चालवून ओढून घेतो. प्रयोगशाळेत *सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स* नावाचा मिलिमीटरभर लांबीचा अळीसारखा जंत वाढवतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या घशाचे ठोके मोजता येतात. खाताना ते मिनिटाला दोनशेच्या आसपास असतात. औषध घातलं की ते मंदावतात आणि थांबतात. त्यासाठी लागणारी मात्रा अंगाची हालचाल थांबवायला लागते त्याहून कमी असते. म्हणजे जंत वळवळतोय, पण तोंडाशी आलेलं त्याला घेता येत नाही.

रानवारा
टाकीचं एकदम पटलं. आमच्याकडे तळाचा नळ गळतोच, त्यामुळे दुःख ओळखीचं आहे. पण जंताच्या अंगात हा नळ मुळात कशाला? आपणच आपला घसा बंद पाडणारी सोय कोण ठेवेल?

निवृत्त_पशुवैद्य
कारण नळ उघडता आणि *मिटता* आला पाहिजे. पंप आकसला की लगेच सैल पडायला हवा, नाहीतर पुढचा घोट कसा घेणार? जंताची एक चेतापेशी ग्लुटामेट सोडते, ते वाहिनीवर बाहेरच्या बाजूने बसतं, दार क्षणभर उघडतं, स्नायू सैल पडतो, ग्लुटामेट निघून जातं, दार मिटतं. ग्लुटामेट ही किल्ली झाली. आयव्हरमेक्टिन ही पाचर आहे.

पाचर हा शब्द मुद्दाम वापरला. ही वाहिनी पाच तुकडे गोलाकार उभे करून बनते, मधून वाट. २०११ मध्ये तिची स्फटिकरचना छापून आली, आयव्हरमेक्टिन बसलेल्या अवस्थेत. त्यात दिसलं की औषध किल्लीच्या जागी बसतच नाही. ते पेशीच्या चरबीच्या आवरणात विरघळतं आणि तिथून, आडबाजूने, दोन शेजारच्या तुकड्यांच्या फटीत घुसतं. तुकडे एकमेकांपासून जरा सरकतात आणि मधली वाट उघडी राहते. किल्ली नसली तरी उघडी. आणि किल्लीसारखं ते धुऊन निघत नाही. जंत औषधातून काढून स्वच्छ पाण्यात टाकला तरी बराच काळ तो सावरत नाही.

हौशी_जीवशास्त्र
मान्य, पण माझा मुद्दा तोच होता. माणसात ही वाहिनी नाही.

पेठेतला_औषधवाला
हौशी, तुम्ही म्हणालात "क्लोराइडच्या वाहिन्याच नसतात". त्या आपल्यात ढिगाने आहेत. घाम, फुफ्फुसातला ओलावा, स्नायूंचं सैल पडणं, सगळीकडे क्लोराइड ये-जा करतो. आपल्यात नाही ती फक्त *ग्लुटामेटने उघडणारी* क्लोराइडची वाहिनी. गोल जंत, कीटक, खरजेचा किडा, उवा, गोचीड यांच्याकडे ती आहे. आपल्याकडे ग्लुटामेटने उघडणारी दारं आहेत, पण ती धन भार आत घेतात आणि पेशी चेतवतात. आपला ग्लुटामेट मोटर चालू करतो. जंताकडे तो काही ठिकाणी तळाचा नळही सोडतो.

आता रानवारांचं "बहुतांशी". आपल्या मेंदूत आणि मज्जारज्जूत गाबा आणि ग्लायसिन या दोन रसायनांनी उघडणाऱ्या क्लोराइडच्या वाहिन्या आहेत. त्या जंताच्या वाहिनीच्या चुलत बहिणी. घडण तीच, पाच तुकड्यांचीच, आणि फटही साधारण तिथेच. पाचर तिथेही बसू शकते, फक्त औषध खूप जास्त लागतं. जंताला जेवढं पुरतं त्याच्या शेकडो पट म्हणा.

हौशी_जीवशास्त्र
ठीक. "वाहिन्याच नसतात" हे मागे घेतो. पण शेकडो पट लागत असेल तर मात्रेला घाबरायचं कारण काय?

निवृत्त_पशुवैद्य
कारण ते शेकडो पटीचं अंतर एकटं पुरत नाही. मधे एक पहारेकरी उभा आहे, म्हणून ते पुरतं. माझ्या दवाखान्यातलीच गोष्ट सांगतो, पंधरा-सोळा वर्षं झाली असतील.

एका बंगल्यातून कुत्रा आला, कोली जातीचा, लांब नाकाचा, वीस किलोचा. अंगावर खरजेसारखं काही होतं. मालकांच्या शेतावर शेळ्यांसाठी आणलेली एक टक्क्याची बाटली होती. गड्याने सांगितलं, शेळीला चालतं ते कुत्र्यालाही चालेल, आणि एक मिलिलिटर टोचलं. हिशेब करा. एक टक्का म्हणजे मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम. वीस किलोला दहा मिलिग्रॅम म्हणजे किलोला पाचशे मायक्रोग्रॅम. गावठी कुत्र्याला एवढ्यात बहुधा काही झालं नसतं. काही हट्टी खरजांना या मापाच्या मात्रा आम्ही देतोही. हा कोली मात्र दुसऱ्या दिवशी झिंगल्यासारखा चालत आला, बाहुल्या विस्फारलेल्या, तोंडातून लाळ. डोळ्यांपुढे बोट नाचवलं तरी पापणी हलेना. संध्याकाळपर्यंत आडवा पडला.

उतारा नाही. सलाइन लावलं, तासातासाने कूस बदलली, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम घातलं, श्वासावर नजर ठेवली. नवव्या दिवशी त्याने मान उचलली. पूर्ण उभा राहायला तीन आठवडे लागले. मालक रोज येऊन त्याच्या कानाशी बोलायचे.

कोलीच्या वाहिन्या काही वेगळ्या नसतात. फरक पहारेकऱ्यात आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक पंप असतो, पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा. आयव्हरमेक्टिन आत शिरू लागलं की तो ते धरून परत रक्तात फेकतो. पुष्कळ कोलींमध्ये या पंपाच्या जनुकातली चार अक्षरं गळालेली असतात, त्यामुळे पंप बनतच नाही. मग औषध मेंदूत साठतं आणि त्या चुलत बहिणींच्या फटीत जाऊन बसतं. जंताचं जे झालं तेच कुत्र्याचं झालं, फक्त दार दुसरं.

कडूलिंब
बाप रे. आमचा मोत्या गावठीच आहे, पण नाक जरा लांब आहे. आता त्याच्या खानदानाची चौकशी करावी लागणार.

पेठेतला_औषधवाला
या पंपाचं मोल कळलं ते अपघातानेच. अॅमस्टरडॅमच्या कर्करोग संस्थेत १९९४ च्या आसपास हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. पिंजऱ्यांत माइट नावाचे बारके किडे झाले म्हणून नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन फवारलं. साधे उंदीर टुणटुणीत राहिले, जनुक काढलेले मेले. मग तपासलं तेव्हा असे उंदीर साध्या उंदरांपेक्षा जवळपास शंभरपट संवेदनशील निघाले. तोवर त्यांच्यात काही कमी आहे हे बघून कळतच नव्हतं.

सांगलीकर_अभय
एवढं सगळं माहीत होतं तर २०२१ च्या मे महिन्यात गोव्यात अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना हेच पाच दिवस द्यायची घोषणा का केली होती? आमच्या मावशींनी घेतलं, त्यांना काही झालं नाही, करोनाही झाला नाही.

पेठेतला_औषधवाला
मावशींना काही झालं नाही कारण पंप जागेवर होता. करोनाचं म्हणाल तर विषाणूला चेतापेशी नसतात, घसा नसतो, तळाचा नळही नसतो. प्रयोगशाळेत पेशींच्या ताटलीत विषाणूची वाढ थांबली होती हे खरं, पण तिथे औषध होतं पाच मायक्रोमोलर. १२ मिलिग्रॅमच्या गोळीनंतर रक्तात जेमतेम ०.०५ च्या आसपास येतं. शंभरपटीचा फरक. तेवढं रक्तात आणायला गेलात तर पहारेकरीही पुरणार नाही. पुढे मोठ्या चाचण्यांत उपयोग दिसला नाही. यावर दुसरा धागा काढा, इथे नको.

सांगलीकर_अभय
काढतो. तिथे या मात्र.

वैदर्भी
मी नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघर देण्याच्या मोहिमेत काम केलं आहे. आमच्याकडे २०१९ पासून तीन औषधं एकत्र देतात, त्यातलं एक हे. वजनकाटा कुठे घेऊन फिरणार, म्हणून उंचीची काठी असते. भिंतीला टेकवून उभं करायचं, खूण बघायची आणि तेवढ्या ३ मिलिग्रॅमच्या गोळ्या समोर गिळायला लावायच्या. नव्वद सेंटीमीटरच्या खालच्या बाळांना आणि गरोदर बायांना देत नाही. एक आजोबा गोळी गालात धरून "गिळली" म्हणायचे आणि मी वळले की कोंबडीला टाकायचे. कोंबडी ठणठणीत!

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. आमच्या प्रशिक्षणात सांगितलं की गोळीनंतर रात्रीच्या रक्तातले जंताचे बारके पिल्लू भराभर कमी होतात. पण एक प्रयोगशाळेवाले म्हणाले की तेच पिल्लू काचेवर औषधात ठेवले तर वळवळत राहतात. मग लुळं पडतात हे खरं की खोटं?

निवृत्त_पशुवैद्य
ताई, इथे मला हात टेकावे लागतात. तुमचे प्रयोगशाळेवाले बरोबर आहेत. रक्तात येते तेवढ्या मात्रेत ही पिल्लं ताटलीत लुळी पडत नाहीत. शिवाय ती घशाने खातही नाहीत, म्हणजे पिचकारीची गोष्टही लागू नाही.

एक कल्पना अशी आहे. हत्तीरोगाच्याच गटातल्या एका जंताच्या पिल्लात ही वाहिनी कुठे आहे ते शोधलं, तर ती उत्सर्जनाच्या छिद्राभोवतीच्या स्नायूवर सापडली, आणि औषधाने तिथून बाहेर पडणारी प्रथिनं घटली. ही प्रथिनं आपल्या प्रतिकारशक्तीला गुंगवत असावीत असा कयास आहे. ती थांबली की आपल्याच पेशी त्या पिल्लांना ओळखून फस्त करतात. म्हणजे औषध फक्त त्यांचा बुरखा काढतं. मला ही कल्पना आवडते, पण सिद्ध झाली असं म्हणणार नाही. मोठे जंत या औषधाने सहज मरत नाहीत हेही लक्षात ठेवा, म्हणून तर मोहीम पुन्हा पुन्हा करावी लागते.

पेठेतला_औषधवाला
मला ती कल्पना तितकी पटत नाही. प्रथिनं घटली आणि पिल्लं गेली, यात आधी काय नि मागून काय ते कुणी नीट दाखवलेलं नाही.

निवृत्त_पशुवैद्य
नाही पटत तर नाही. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर सांगा.

पेठेतला_औषधवाला
दुसरंही नाही. :)

माणदेशी_मेंढका
तुमचं दार-खिडकी कळलं थोडंफार. पर आमच्याकडं ह्यानं आता जंत मरंनात. चाळीस मेंढरं हायत. पाच-सा वर्सं दर दोन म्हैन्याला टोचतोय. आदी दोन दिसांत फरक पडायचा. औंदा पावसानंतर जबड्याखाली पाणी उतरलं, डोळ्याच्या पापण्या पांढऱ्याफटक, दोन कोकरं गेली. औषध बनावट आलं आसंल का?

निवृत्त_पशुवैद्य
पाव्हणं, औषध बनावट नसेलही. जबड्याखाली पाणी आणि पांढरी पापणी म्हणजे चौथ्या पोटातला रक्त पिणारा जंत, *हिमोंकस*. रक्त कमी झालं की हे दिसतं. हा जंत आयव्हरमेक्टिनला सरावतो हे जगभर दिसलंय, आणि दर दोन महिन्यांनी सगळ्या कळपाला टोचणं हा त्याला सरावायला लावायचा हमखास रस्ता आहे. जे वाचतात त्यांचीच पिलावळ पुढे वाढते.

अंदाजाने औषध बदलू नका, आधी खात्री करा. दहा-बारा मेंढरांच्या लेंड्या औषधाच्या दिवशी घ्या आणि त्याच मेंढरांच्या पुन्हा चौदाव्या दिवशी. जमिनीवरून उचलू नका, थेट मागून घ्या, नाहीतर मातीतले जंतही मोजले जातात. ग्रॅममागे अंडी मोजतात. समजा आधी सरासरी १२०० आली आणि नंतर ४८०. म्हणजे ७२० गेली, साठ टक्के. औषध चालत असेल तर पंच्याण्णवच्या वर जायला हवीत. साठ आली तर जंत सरावलेत. मात्र वजन अंदाजाने धरून कमी टोचलं असेल तरीही असंच दिसतं, म्हणून दोन-चार मेंढरं काट्यावर घाला.

हौशी_जीवशास्त्र
सरावले म्हणजे वाहिनीच बदलली असणार ना? पाचर बसायची फट बुजली.

निवृत्त_पशुवैद्य
मीही तसंच समजत होतो. प्रयोगशाळेतल्या त्या एलेगन्स जंतात खरंच तसं होतं, पण तिथेही या वाहिनीची तीन जनुकं एकदम बिघडवावी लागतात. एक-दोन बिघडून फार फरक पडत नाही. मेंढरांतल्या हिमोंकसची जनुकं तपासली तेव्हा मात्र बोट भलत्याच गुणसूत्राच्या तुकड्याकडे गेलं, या वाहिनीच्या जनुकांकडे नाही. तिथे नेमकं काय बदलतं यावर अजून काम चालू आहे.

सुगरण_रत्नागिरी
माझ्या नातवाला रात्री मागे खाज येते, बारीक पांढरे जंत दिसतात. ही गोळी देऊ का? आणि चपटे जंतही याने जातात का?

पेठेतला_औषधवाला
तुमच्या मनाने नको देऊ. पंधरा किलोच्या खालच्या मुलाला ही देत नाहीत, आणि त्या जंतांना डॉक्टर बहुधा अल्बेंडाझोल देतात. ते वेगळ्याच वाटेने काम करतं. चपट्या जंतांवर आयव्हरमेक्टिन चालत नाही, पाचर बसेल असं दार तिथे नाही. मिठाचं पाणी तर अजिबात नको!

रानवारा
एवढं वाचून परत आले. एक शेवटचं. डॉक्टरांनी दुसरी गोळी दोन आठवड्यांनी का सांगितली? पहिल्या गोळीनंतर चार दिवसांत खाज उतरली होती, मग ही टाळावी असं मनात येत होतं.

निवृत्त_पशुवैद्य
टाळू नका. कातडीच्या बोगद्यांतली अंडी या औषधाने मरत नाहीत. ती फुटून नवे किडे बाहेर येतात, ते अंडी घालायला लागायच्या आत दुसरी गोळी पोचायला हवी. त्याच दिवशी चादरी, उशांचे अभ्रे गरम पाण्यात काढा, सगळ्यांचे एकदम. एकाने घेतली आणि दुसऱ्याने नाही, असं झालं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि गोळीनंतरही थोडी खाज दोन-चार आठवडे राहू शकते, ती मेलेल्या किड्यांची असते.

रानवारा
रविवारी आहे सगळ्यांची. दादा शेजारी बसून हे वाचतोय. विचारतो, आमच्याही शेळ्यांना गेल्या वर्षापासून फरक दिसत नाही, लेंड्या न्यायच्या कशात आणि किती वेळात?

निवृत्त_पशुवैद्य
हातमोजा उलटा करून त्यातच बांधा, म्हणजे हवा राहत नाही. शेळीचा बिल्ला क्रमांक वर लिहा. दिवसभरात पोचवता येत नसतील तर फ्रिजच्या खालच्या खणात ठेवा. गोठवू नका, आणि उन्हात ठेवलीत तर अंडी फुटून मोजणी चुकते.

माणदेशी_मेंढका
फ्रीज घरातला का? बाईला कोन सांगनार?